मावशीच्या पॉलिसीचं एक पान: भरती होण्याआधीची तयारी

फेब्रुवारी २०२६ मध्ये मिरजेहून मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. मावशीच्या आरोग्य विम्याचं शेड्यूलचं, म्हणजे रक्कम आणि तारखा छापलेलं पान, ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेलं, मधोमध घडी पडलेलं, आणि खाली एकच ओळ: "दादा, दहा लाखांची पॉलिसी आहे, दोन्ही गुडघ्यांचं होऊन जाईल ना?" क्लेमच्या फायली लावण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे असे फोटो मला येतच असतात. या पानावर दहा लाख छापलेले होते हे खरंच. पण गुडघे प्रत्यारोपणासाठी त्यातले किती, याचं उत्तर त्या आकड्याच्या शेजारी नव्हतं. ते तारखांच्या रकान्यात होतं, आणि तोच रकाना फोटोत कापला गेला होता.

म्हणून तयारीची सुरुवात फोटोपासून. पान टेबलावर सपाट ठेवा, दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी, आणि चारही कोपरे दिसतील असा फोटो घ्या. शेड्यूलमधला सगळ्यात उजवीकडचा रकाना बहुतेक वेळा कापला जातो. तळाशी बारीक अक्षरात चांदणीची खूण असेल तर तेवढ्याच भागाचा वेगळा फोटो काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की अक्षरं फुटतात आणि ५०,००० चे ५,००,००० वाचले जातात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. घरच्या ग्रुपवर टाकणार असाल तर आधी पॉलिसी नंबर, फोन आणि जन्मतारीख बोटाने झाका. आणि एकाच पानावर थांबू नका. "स्पेशल कंडिशन" किंवा "एन्डॉर्समेंट" असं लिहिलेलं दुसरं पान असेल तर ते आणि ग्राहक माहितीपत्रक दोन्ही मागवून घ्या.

भावाने दुसरा फोटो पाठवला तेव्हा चित्र उलगडलं. पॉलिसी मावशी आणि काका दोघांची मिळून, म्हणजे फ्लोटर. पहिली सुरुवात १४ ऑगस्ट २०२१, तेव्हा विमा रक्कम पाच लाख. १४ ऑगस्ट २०२४ च्या नूतनीकरणात ती दहा लाख केली. क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या बोनसच्या रकान्यात शून्य, कारण गेल्या वर्षी काकांच्या मोतीबिंदूचा क्लेम झाला होता. डिडक्टिबल ५०,०००, त्यापुढे "वार्षिक एकत्रित" असे शब्द. ठराविक आजारांचा वेटिंग पीरियड, म्हणजे त्यांचा क्लेम मिळण्याआधी थांबायची मुदत, २४ महिने, आणि त्या यादीत सांधे प्रत्यारोपण.

आधी विमा रक्कम. सम इन्शुअर्ड म्हणजे कंपनी एका पॉलिसी वर्षात जास्तीत जास्त देईल ती रक्कम. फ्लोटरमध्ये ती माणशी नसते, दोघांची मिळून एक असते. म्हणजे मावशीच्या आधी त्याच वर्षात काका दवाखान्यात गेले तर त्यांचं बिल याच डब्यातून जाणार. या वर्षी काकांनी काही घेतलेलं नव्हतं, ते मी विचारून घेतलं. हा प्रश्न लोक विसरतात. पान पॉलिसी निघाली त्या दिवसाचं असतं, पुढे काय खर्च झालं ते त्यावर कधीच दिसत नाही.

आता खरी गाठ. विमा रक्कम वाढवली की वाढलेल्या भागावर वेटिंग पीरियड नव्याने मोजतात. पॉलिसीच्या शर्तींत Excl01 आणि Excl02 अशा खुणांची कलमं असतात. पहिलं आधीपासूनच्या आजारांचं, दुसरं ठराविक आजार आणि शस्त्रक्रियांचं. दोन्हींत ही अट स्पष्ट लिहिलेली असते. त्यामुळे मावशीच्या दहा लाखांकडे एक रक्कम म्हणून बघायचंच नाही. पहिले पाच लाख २०२१ चे, त्यांचे २४ महिने १३ ऑगस्ट २०२३ ला पूर्ण झाले. दुसरे पाच लाख २०२४ चे, त्यांचे २४ महिने १३ ऑगस्ट २०२६ ला पूर्ण होणार. फेब्रुवारीत ऑपरेशन केलं तर गुडघ्यासाठी पाचच लाख जिवंत आहेत. अपघात झाला असता तर दहाही लाख लागू झाले असते, कारण अपघाताला हे थांबणं लागत नाही. तुमच्या पानावर वाढीची तारीख दिसत नसेल तर सुरुवातीपासूनची सगळी शेड्यूल काढा आणि वहीत दोन रकाने आखा: कोणत्या वर्षी किती रक्कम. मध्ये एखादं वर्ष हप्ता चुकून खंड पडला असेल तर त्याआधीची वर्षं धरता येत नाहीत.

डिडक्टिबल म्हणजे आधी आपण भरायची रक्कम, त्यानंतर कंपनीचं देणं सुरू होतं. हप्ता कमी व्हावा म्हणून मावशीने ती घेतली होती, आणि घेतली हे विसरूनही गेली होती. इथे दोन गोष्टी पाहायच्या. डिडक्टिबल दर क्लेमला आहे की वर्षाला एकदाच? "वार्षिक एकत्रित" असेल तर वर्षातल्या सगळ्या बिलांची बेरीज ५०,००० च्या वर गेली की पुढचं कंपनीकडे. दुसरी गोष्ट म्हणजे डिडक्टिबल विमा रकमेतून वजा होत नाही, ते बिलातून वजा होतं. पाच लाखांतून पन्नास हजार काढून साडेचार लाखच मिळतील असं भावाला वाटत होतं. तसं नाही. को-पे ही आणखी वेगळी गोष्ट, ती टक्क्यांत असते आणि प्रत्येक क्लेमला लागते. मावशीच्या पानावर ती नव्हती.

हिशेब असा मांडला. दवाखान्याने दोन्ही गुडघ्यांचा अंदाज ६,२०,००० दिला होता. त्यातले हातमोजे, नोंदणी शुल्क, जेवणाची जास्तीची बिलं अशा न मिळणाऱ्या बाबी साधारण २०,००० धरल्या. उरले सहा लाख. त्यातून डिडक्टिबलचे पन्नास हजार गेले की साडेपाच लाख. पण फेब्रुवारीत मर्यादा पाच लाखांची, म्हणून कंपनी पाच लाख देणार आणि घरातून १,२०,००० जाणार. तेच ऑपरेशन १४ ऑगस्टनंतर केलं, तर पॉलिसी वेळेत नूतन झालेली असताना साडेपाच लाख पूर्ण मिळतील आणि घरातून ७०,०००. भावाने मध्येच विचारलं, एक गुडघा आत्ता आणि एक ऑगस्टनंतर केला तर? तर दोन पॉलिसी वर्षं येतात आणि डिडक्टिबल दोनदा लागतं. पुन्हा १,२०,००० च. सहा महिने थांबणं मावशीला झेपेल का, हे अर्थात ऑर्थोपेडिक डॉक्टर सांगणार. मी फक्त थांबण्याची किंमत सांगितली, पन्नास हजार.

इथवर सगळं सरळ वाटतं, पण वेटिंग पीरियडला आणखी एक फाटा आहे. गुडघा आधीपासूनचा आजार ठरला तर काय? ठराविक यादी आणि आधीपासूनचा आजार या दोन्हींत तोच आजार बसत असेल तर जी मुदत जास्त ती लागते. आधीपासूनच्या आजाराची कमाल मुदत १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनी ३६ महिने आहे. जुन्या कागदावर ४८ दिसत असेल तर ताज्या नूतनीकरणाच्या शर्ती मागा. वाढीव पाच लाखांवर ३६ महिने लागले तर तारीख ऑगस्ट २०२६ नाही, ऑगस्ट २०२७ होते, आणि वरचा सगळा हिशेब कोसळतो.

आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यावर त्यांनी सल्ला वा उपचार दिलेला आजार. मावशीचे गुडघे पाच-सहा वर्षं दुखतच होते. पण ती निर्गुंडीचं तेल चोळून गप्प बसलेली, डॉक्टरकडे पहिल्यांदा गेली डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे रक्कम वाढवल्यावर चार महिन्यांनी. पहिला एक्स-रे त्याच महिन्यातला. म्हणून तिच्या तयारीतला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे त्या पहिल्या भेटीची चिठ्ठी आणि तो एक्स-रे. भरती होताना निवासी डॉक्टर विचारतात, "किती वर्षांपासून दुखतंय?" आपण सहज "झाली की सहा-सात वर्षं" म्हणतो, केस पेपरवर ते उतरतं आणि आठवड्याने कंपनीची शंका येते. खोटं अजिबात सांगायचं नाही, ते अंगाशी येतं. पण दुखणं कधीपासूनचं आणि डॉक्टरांनी निदान केलं कधी, हे दोन्ही वेगवेगळं सांगायचं आणि दोन्ही लिहून घ्यायचं. चिठ्ठी हरवली असेल तर त्या डॉक्टरांकडून पहिल्या भेटीच्या तारखेचा दाखला आत्ताच घ्या. नोटीस आल्यावर धावपळ होते.

मावशीला रक्तदाब २०१५ पासून आहे आणि तो २०२१ च्या प्रपोजल फॉर्ममध्ये लिहिलेला होता. त्या फॉर्मची प्रतही मागवून ठेवली. लिहिलेला आजार निस्तरता येतो, लपवलेल्याला उत्तर नसतं.

राहिली एक्सक्लूजन्स, म्हणजे ज्याचे पैसे पॉलिसी देत नाही त्या गोष्टी. शेड्यूलच्या पानावर ती जवळजवळ नसतातच. तिथे असते ती त्या माणसासाठी खास घातलेली अट, ती स्पेशल कंडिशनमध्ये वाचा. बाकीची यादी शर्तींच्या पुस्तिकेत असते. शेड्यूलवरचा यूआयएन, म्हणजे त्या विमा योजनेचा ओळख नंबर, आणि पुस्तिकेवरचा नंबर जुळतो का ते आधी बघा, कारण एजंटने दिलेली पुस्तिका कधी कधी जुन्या आवृत्तीची असते. वाचताना मनात दोन गट करा: ठराविक काळाने उठणारं आणि कधीच न उठणारं. वेटिंग पीरियड पहिल्या गटात. केवळ तपासण्यांसाठी भरती होणं, Excl04, दुसऱ्या गटात, म्हणून नुसत्या एमआरआयसाठी एक रात्र दवाखान्यात काढून क्लेम करू नका. दवाखान्याने "रोबोटिक" म्हटलं असेल तर थांबा. बऱ्याच पॉलिसींत रोबोटिक शस्त्रक्रियेला वेगळी मर्यादा असते, आणि ती गाठली की वरचा फरक आपला. खोलीच्या भाड्याला मर्यादा असेल तर तीही बघा. महागडी खोली घेतली की डॉक्टरांच्या फीसारखे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात.

हे सगळं झाल्यावर कंपनीच्या ग्राहकसेवेला एक ईमेल पाठवायचा, आणि प्रश्न एकच ठेवायचा. आम्ही लिहिलं: "१४ ऑगस्ट २०२४ रोजी वाढवलेल्या पाच लाखांवर गुडघे प्रत्यारोपणाचा वेटिंग पीरियड कोणत्या तारखेला संपतो, आणि त्या दिवसानंतर भरती झाल्यास दोन्ही रकमा मिळून मर्यादा किती, ते लेखी कळवावे." फोनवरचं उत्तर फाइलला लावता येत नाही.

भावाने उत्तराचा स्क्रीनशॉट पाठवला तोही उजवीकडून कापलेलाच. पुन्हा मागवला. तारीख १३ ऑगस्ट २०२६ च होती. नूतनीकरणाचा हप्ता १० ऑगस्टच्या आत भरायचा, असं मावशीने दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहून ठेवलं आहे. सवलतीचे ३० दिवस मिळतात खरे, पण वर्षाचा हप्ता एकदम भरणाऱ्याला त्या दिवसांत संरक्षण नसतं.