फोटोतल्या पानाचे नंबर आधी उतरवा
फोंड्याहून भाचीने भूगोलाच्या सरावाचं पान फोटो काढून पाठवलं. वीस प्रश्न, दोन रकान्यांत. मी आडवं वाचत गेलो आणि 2 पुढे 11 चं उत्तर लिहून बसलो. आता उत्तरांआधी नुसते छापील नंबर उतरवतो, डावा रकाना संपवून मगच उजवा, आणि प्रत्येकापुढे प्रश्नाचे पहिले दोन शब्द: ‘7 – मांडवीचा उगम’. उत्तर येत नसेल तर नंबर ठेवून रेघ मारायची, नाहीतर खालचं सगळं एकेक घर वर सरकतं. ‘ब’ विभागात पुन्हा 1 पासून सुरुवात असेल तर ‘ब1’ लिहा. शेवटचा नंबर जुळला तरी मधला एखादा ताडून बघाच. एक सुटला आणि एक दोनदा आला, तर एकूण वीसच भरतात.