बेदाण्याला दोन तारे मिळाले, तर पुढे काय करावे?

तासगावचा बेदाणा शीतगृहातून काढून ऑनलाइन विकणाऱ्या एखाद्या दुकानाच्या गूगल पानावर ऐन जुलैत दोन ताऱ्यांचा अभिप्राय येतो: "माल चिकट निघाला, जुना खपवला." उत्तर लिहिण्याची घाई करू नये. आधी पाकिटावरील लॉट क्रमांक आणि पाठवल्याची तारीख काढावी, त्याच लॉटचे राखलेले पाकीट फोडून पाहावे आणि तोच माल घेतलेल्या आणखी दोघातिघांना फोन करावा. पावसाळ्यात शीतगृहातून आलेली थंड पेटी लगेच उघडली, की दमट हवेतील बाष्प बेदाण्यावर दवासारखे साचते. तसाच तो पाकीटबंद केला, तर माल त्याच हंगामाचा असूनही चिकट होतो. म्हणजे "जुना" हा आरोप चुकीचा असला, तरी तक्रार खरी असते.

उत्तरात नेमके हेच वेगळे करावे लागते. ते शक्यतो दुसऱ्या दिवशीपर्यंत द्यावे आणि असे लिहावे: "नमस्कार. चिकट माल मिळाल्याबद्दल दिलगीर आहोत. बेदाणा याच हंगामाचा आहे, परंतु पेटी सामान्य तापमानाला येण्यापूर्वीच आम्ही ती उघडली, ही आमची चूक झाली. पाकीट बदलून देतो. कृपया दुकानाच्या क्रमांकावर कळवावे." ग्राहकाचा पत्ता, फोन किंवा ऑर्डरचा तपशील तिथे लिहू नये. "आमच्याकडे अशी तक्रार कधीच आली नाही" हे वाक्यही टाळावे, कारण वाचणाऱ्याला त्यात ग्राहक खोटा ठरवल्याचाच सूर ऐकू येतो. पैसे परत करताना अभिप्राय काढण्याची अट घालणे गूगलच्या नियमांत बसत नाही. मालकाला अभिप्राय स्वतः पुसता येत नाही. शिवीगाळ असेल किंवा लिहिणारा मुळात ग्राहकच नसेल, तर नियमभंगाची नोंद करता येते, पण केवळ कडू अभिप्राय त्यामुळे हटत नाही.

समाधानी ग्राहक बहुधा गप्प असतो, म्हणून त्याला विचारावे लागते. माल पोहोचल्याच्या दिवशी त्याने फक्त खोके पाहिलेले असते. आठवड्याने, पाकीट वापरात आल्यावर, गूगल पानावरून मिळणारी अभिप्रायाची लिंक व्हॉट्सॲपवर एकदाच पाठवावी. "पाच तारे द्या" असे न म्हणता "रंग, गोडी आणि पॅकिंग कसे वाटले ते लिहावे" असे विचारले, तर पुढच्या ग्राहकाच्या उपयोगी पडेल असा मजकूर येतो. ही लिंक सगळ्यांना पाठवावी. खूश दिसणाऱ्यांनाच निवडून पाठवणे आणि अभिप्रायाच्या बदल्यात पाव किलो बेदाणा देणे, दोन्ही गूगलला अमान्य आहे. भारतीय मानक ब्युरोच्या IS 19000:2022 या ऐच्छिक मानकाचा रोखही अभिप्राय खऱ्या ग्राहकाचाच असावा याकडे आहे. भाच्या-पुतण्यांकडून लिहवून घेतलेले "एकच नंबर!" तर सांगलीत कोणीही ओळखतो.

बदललेले पाकीट पसंत पडले, तर त्या पहिल्या ग्राहकाला अभिप्रायात भर घालण्याची विनंती एकदा करावी. त्याने ती मानली नाही, तर दोन तारे तसेच राहू द्यावेत. खाली आपले उत्तर आहेच.