बिल डिस्काउंटिंग: ग्राहकाच्या आधी पैसे कसे घ्यावेत आणि ते किती महाग पडतात

चाकणमध्ये सुटे भाग बनवणारा एक लघुउद्योजक धरू. मोठ्या वाहन कंपनीला त्याने 10 लाखांचा माल दिला आहे. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत असा 2006 चा कायदा आहे आणि उशिरावर जबर व्याजही आहे. पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी, त्याच्यावर दावा कोण लावणार? पैसे 60 दिवसांनी येतात. मधल्या काळात पगार द्यायचे असतात, पोलाद घ्यायचे असते. ग्राहकाने पैसे दिलेले नसले तरी बिलावरचा जीएसटीही भरावा लागतो.

अशा वेळी पहिला शोध घ्यायचा तो ट्रेड्सचा. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी ही बिलवटावाची, म्हणजे बिलाचे पैसे मुदतीआधी उचलण्याची, ऑनलाइन व्यवस्था आहे. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट ही तिथली प्रमुख नावे. आपला ग्राहक यांपैकी कुठे नोंदलेला आहे, हे त्याच्या खरेदी किंवा अकाउंट्स विभागाला विचारा. 250 कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ही नोंदणी सक्तीची आहे. मात्र नोंदणी असली म्हणून प्रत्येक बिल तिथे मंजूर होतेच असे नाही, म्हणून तेही आधीच विचारून घ्या.

मग उद्यम प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी आणि बँक खात्याची कागदपत्रे देऊन तुम्ही नोंदणी करायची. माल स्वीकारल्याची पावती हातात आली की बिल चढवायचे. ग्राहक टीडीएस आणि नाकारलेला माल वजा करून उरलेली रक्कम मान्य करतो. ही मान्यता सर्वांत महत्त्वाची, कारण त्यानंतर मालाच्या दर्जाचे कारण सांगून त्याला पैसे अडवता येत नाहीत. पुढे बँका आणि वित्तसंस्था व्याजदराच्या बोली लावतात. त्यांतली पटेल ती तुम्ही स्वीकारली की साधारण पुढच्या कामाच्या दिवशी पैसे खात्यात येतात.

इथली बोली तुमची नव्हे, ग्राहकाची पत पाहून लागते, म्हणून लहान कारखान्यालाही बरा दर मिळतो. बोली 9 टक्क्यांची आली असे समजा. 10 लाखांवर 60 दिवसांचे व्याज सुमारे 14,800 रुपये होते. प्लॅटफॉर्मचे शुल्क वेगळे. व्याज तुम्ही सोसायचे की ग्राहकाने, हे आधी ठरवून घ्या. ग्राहकाने मुदतीत पैसे दिले नाहीत, तरी वित्तसंस्था ते तुमच्याकडे मागत नाही. माझ्या मते ट्रेड्सचा खरा फायदा दराहूनही हा आहे.

ग्राहक ट्रेड्सवर नसेल तर बँकेकडे किंवा येणी घेऊन आगाऊ पैसे देणाऱ्या फॅक्टरिंग कंपनीकडे जावे लागते. तिथे 80 टक्के आगाऊ, त्यावर 14 टक्के व्याज आणि पूर्ण बिलावर 1 टक्का शुल्क, असा देकार आला असे समजा. ऐकायला स्वस्त वाटतो. आता मोजू. हातात 8 लाख येतात. त्यांचे 60 दिवसांचे व्याज सुमारे 18,400. शुल्क 10,000, आणि शुल्कावर जीएसटी 1,800. एकूण 30,200 रुपये. 8 लाखांच्या मानाने हे दोन महिन्यांत पावणेचार टक्क्यांहून थोडे जास्त, म्हणजे वर्षाला जवळपास 23 टक्के. शुल्कावरच्या जीएसटीचे क्रेडिट मिळत असेल तर किंचित कमी. शुल्क एकदाच आकारतात, पण पैसे दोनच महिने वापरायला मिळतात, म्हणून ते इतके भारी पडते. त्या बिलातून खर्च जाता 40 हजार सुटणार असतील, तर त्यातले तीन चतुर्थांश इथेच गेले.

शिवाय करार 'विथ रिकोर्स' आहे का ते सही करण्याआधी वाचा. असेल, तर ग्राहकाने पैसे बुडवले की 8 लाख तुम्ही परत करायचे. ग्राहक महिनाभर उशीर करेल तर साध्या दरानेच आणखी 9,200 व्याज चढते, आणि बहुतेक करारांत दंडाचा दरही असतो. ज्या ग्राहकाची उधारी आधीच लांबत चालली आहे त्याचे बिल अशा करारात टाकू नये. त्याला माल देणे थांबवणे बरे.

तुमचे कॅश क्रेडिट खाते असेल, तर येणी बहुधा त्या बँकेकडे तारण असतात. म्हणून बिल दुसरीकडे वटवण्याआधी तिची लेखी ना-हरकत घ्या. वटवलेले बिल दरमहाच्या स्टॉक स्टेटमेंटमधून वगळा. ते तसेच राहिले तर एकाच बिलावर दोनदा पैसे उचलल्यासारखे होते, आणि बँक त्याला फसवणूक समजू शकते. वगळल्यावर मात्र कॅश क्रेडिटची उचलमर्यादा कमी होते. त्या बिलावर बँक आधीच 7 लाख उचलू देत असेल, तर फॅक्टरिंगच्या 8 लाखांतून खरी भर फक्त 1 लाखाची पडते, आणि 30,200 रुपये त्या 1 लाखासाठी मोजले जातात. कॅश क्रेडिटचे वाचलेले व्याज त्यातून वजा करा आणि मगच होकार द्या.