क्लायंटच्या लांबलचक व्हॉइस नोटवरून कॅरोसेल: माझा अनुभव

पिंपळगावचे एक बागायतदार काका थेट ग्राहकांना बेदाणे विकतात. त्यांच्यासाठी कॅरोसेल, म्हणजे सोशल मीडियावर एकामागून एक सरकवायच्या स्लाइडची पोस्ट करायची होती. माहिती म्हणून त्यांनी मोठी व्हॉइस नोट पाठवली. ती पूर्ण टाइप करून छाटली, तरी प्रत्येक स्लाइड परिच्छेदच वाटायची. मुद्दे काढले तर काकांचा आवाजच गेला. डोकं पार उठलं होतं.

जमलं ते असं. आधी काहीही न लिहिता नोट पूर्ण ऐकली. दुसऱ्यांदा ऐकताना शब्द न उतरवता, काका गिऱ्हाइकाच्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देताहेत तेवढंच वेळेसकट टिपलं. मग फिरून फिरून आलेलं वाक्य शोधलं, कारण बोलणारा महत्त्वाचं तेच पुन्हा सांगतो. "अहो, पिवळाधमक म्हणजे चांगला असं नसतं!" ही झाली पहिली स्लाइड.

पुढे एका स्लाइडला एकच प्रश्न, उत्तर पंधरा शब्दांच्या आत, शब्द काकांचेच. दुसरी स्लाइड: "मग पिवळा कशानं होतो? गंधकाची धुरी दिली की." तिसरी: "आमच्याला धुरी नाही. म्हणून तपकिरी." भाव आणि वजन मात्र फोन करून पक्कं केलं, बोलण्याच्या ओघात आकडे हमखास घसरतात.

मोबाइलवर मोठ्यानं वाचताना मध्येच श्वास घ्यावा लागला, तर ती स्लाइड दोन करायची.