कॅटलॉगमध्ये चेहरा बदलताना गळा बिघडतो : या चुका टाळा

"दादा, गळ्याला लूप पाच आहेत ना? फोटोत चारच दिसतायत."

फोन मर्चंडायझरचा होता आणि तिचं बरोबर होतं. मोरपंखी कुर्ता, बंद गळा, कडेला तीन मिलिमीटरची मरून पायपिंग, खाली जाळीचं योक आणि पुढे पाच लूप-बटणं. माल जर्मनीच्या बायरला जायचा होता. शूट मुंबईत झालं होतं आणि बायरला तिकडच्या बाजारासाठी वेगळा चेहरा हवा होता. कपड्याला हात लावायचा नाही, ही अट त्यानं लेखी दिली होती. मी कपड्याला हात लावलाच नव्हता. मास्क फक्त चेहऱ्यावर होता. तरीही एक लूप गेला, पायपिंग दोन ठिकाणी कुर्त्याच्या रंगात विरघळली आणि योकची जाळी नुसती धुरकट झाली.

या कामात चेहऱ्याची काळजी सगळेच घेतात. माल परत येतो तो गळ्यामुळे.

मास्कच्या बाहेरचं सुरक्षित आहे असं धरून चालणं

मी अख्खा फोटो लहान करून ComfyUI या एआयनं चित्र बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये घातला, चेहऱ्यावर मास्क काढला आणि जे बाहेर आलं ते मोठं करून पाठवलं. चूक इथेच झाली. तिथे चालणारी स्टेबल डिफ्यूजनच्या घराण्यातली एआय मॉडेलं फोटोवर थेट काम करत नाहीत. आधी फोटो दाबून लहान केला जातो आणि साधारण आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनाची एक पेशी बनते. शेवटी त्या पेशींतून फोटो पुन्हा उलगडतात. मास्कच्या बाहेरचा भागसुद्धा या दाबण्या-उलगडण्यातून जातो. मोकळ्या भिंतीवर फरक कळत नाही, पण विणीवर, बारीक छपाईवर आणि पायपिंगवर कळतो.

आमच्या फोटोचं गणित बघा. फ्रेम ४००० बाय ६००० पिक्सेल, त्यात मॉडेल डोक्यापासून पायापर्यंत साधारण ५४०० पिक्सेल उंच. म्हणजे तीन मिलिमीटरची पायपिंग जेमतेम दहा पिक्सेलची. फोटो चौथाईवर आणला की ती अडीच पिक्सेलची उरते आणि लूपची दोरी तर एका पिक्सेलपेक्षाही बारीक होते. एका पेशीत मावलेली इतकी बारीक गोष्ट परत उलगडताना मॉडेल अंदाजानं भरतं, आणि त्याच्या अंदाजात पाच लूप असायलाच हवेत असं काही नसतं.

उपाय साधा आहे. अख्खा फोटो पाठवू नका, डोक्याभोवतीचा तुकडाच कापून पाठवा. उभ्या माणसात डोकं सुमारे साडेसातव्या हिश्श्याचं असतं, म्हणजे आपल्या फोटोत ७२० पिक्सेल. त्याभोवती १०२४ बाय १०२४ चा चौकोन आरामात बसतो. आकार न बदलता तोच द्यायचा, आलेला तुकडा मूळ फोटोवर नेमक्या त्याच जागी ठेवायचा आणि चेहरा व मान वगळून बाकी सगळं लेयर मास्कनं झाकायचं. ComfyUI मध्येच करायचं असेल तर शेवटी `ImageCompositeMasked` लावून मूळ पिक्सेल परत वर आणा. मी मात्र हे फोटोशॉपमध्ये हातानं करतो, कारण पुढची चूक तिथेच पकडता येते.

कंबरेपर्यंतच्या शॉटमध्ये डोकं दीड हजार पिक्सेलच्या वर जातं. तिथे चौकोन २०४८ चा घेऊन अर्धा करावा लागतो आणि परत मोठा केलेला चेहरा मऊ दिसतो. गळ्याची शिवण करकरीत आणि वर चेहरा मेणाचा, अशी ती जोडी दिसते. चेहरा भरमसाट शार्प करण्यापेक्षा मूळ फोटोतल्या मानेवर दिसतं तेवढंच ग्रेन वरच्या भागात टाका.

मग तपासणी. मूळ फोटोची प्रत सर्वांत वर ठेवा, ब्लेंड मोड `Difference` करा आणि त्यावर लेव्हल्सचा लेयर टाकून पांढरा स्लायडर १५ पर्यंत खाली ओढा. जिथे काहीच बदललं नाही तिथे ठार काळं दिसायला हवं. चेहरा आणि मान चमकेल, ते ठीक. कॉलरवर एक ठिपका जरी चमकला तरी मास्क पुन्हा बघा. त्या दिवशी मी हे केलं असतं तर अख्खा कुर्ता चांदण्यासारखा चमकलेला दिसला असता.

यात एक गंमत होऊ शकते. मूळ फाइल ॲडोबी आरजीबीमध्ये असेल तर ComfyUI ती प्रोफाइल विचारात घेत नाही. परत आलेला तुकडा फिकट दिसतो, आणि आपण उगाच चेहऱ्याचा रंग सुधारत बसतो. म्हणून तुकडा पाठवण्याआधी तो एसआरजीबीत बदलायचा आणि परत आल्यावर मूळ फाइलच्या प्रोफाइलमध्ये न्यायचा. कुर्त्याचा मोरपंखी रंग या फेऱ्यात पडतच नाही, कारण कुर्ता कुठे गेलेलाच नसतो.

मानेला आणि कॉलरला एकच फेदर

जोड कुठे घ्यायची? नवखा माणूस जबड्याच्या कडेवर घेतो. मग नवा जबडा आणि त्याच्याखाली जुन्या जबड्याची सावली, अशी दुहेरी हनुवटी होते. सावली नव्या जबड्याचीच हवी, म्हणून तयार करतानाचा मास्क मानेच्या मध्यापर्यंत उतरवा. बंद गळ्यात मान दिसते ती चार सेंटिमीटर, आपल्या फोटोत सुमारे १३० पिक्सेल. त्यातली वरची अर्धी नवी, खालची अर्धी जुनी.

आता या दोन अर्ध्यांची जोड मऊ हवी. उघड्या त्वचेवर मी २५ ते ३० पिक्सेलचा फेदर देतो. पण मान एका बाजूला झुकलेली असली की नवा भाग तिथे कॉलरला टेकतो, आणि तोच ३० पिक्सेलचा फेदर दहा पिक्सेलच्या पायपिंगवरून पसरतो. एआय मॉडेलनं कल्पनेनं काढलेली कॉलर त्यातून खऱ्या कॉलरमध्ये मिसळते. आमची पायपिंग दुसऱ्यांदा बिघडली ती अशीच, क्रॉप नीट करूनसुद्धा. म्हणून कॉलरची कड पेन टूलनं वेगळी काढायची, तिला फार तर एक पिक्सेलचा मऊपणा द्यायचा, आणि त्या सिलेक्शननं कापड मास्कमधून वजा करायचं. त्वचेकडे मऊ, कापडाकडे धारदार. एकाच आकड्यानं दोन्ही साधत नाही.

ComfyUI वापरणाऱ्यांसाठी एक सांगतो, कारण यात माझा अर्धा दिवस गेला होता. `FeatherMask` हे नाव बघून वाटतं की ते मास्कच्या आकाराची कड मऊ करेल. ते फक्त चित्राच्या चार बाजूंकडून मास्क फिका करतं. आकाराची कड मऊ करायची तर मास्कचं चित्र करून ब्लर द्यावा लागतो आणि परत मास्क बनवावा लागतो.

मानेच्या शिरांकडेही बघा. शूटमधल्या मॉडेलनं डोकं डावीकडे वळवलं की कानामागून गळ्याच्या खड्ड्याकडे जाणारा स्नायू उठून दिसतो. त्या मानेवर समोर बघणारा चेहरा बसवला की जोड कितीही सुबक असो, मान मुरगळल्यासारखी वाटते. यावर रिटचिंग नाही. चेहऱ्याचा कोन मूळ कोनातच मागा.

मान चेहऱ्यासारखी रंगवणं

बायरनं फिकट गोरा चेहरा मागितला होता. पहिला मोह होतो मान उजळ करायचा. मग कान राहतात. कान केले की हात, हात केले की पाय. आणि आमच्या कुर्त्यात शेवटी जाळी आली. जाळीतून दिसणारी त्वचा उजळली तर मधला धागाही उजळतो, म्हणजे कपड्याचा रंग बदलला. शिवाय मरून पायपिंगची लालसर झाक हनुवटीखाली पडलेली असते, ती धुऊन निघते आणि डोकं दुसऱ्याच खोलीतून आणल्यासारखं दिसतं.

मी उलट जातो. चेहरा मानेकडे आणायचा. मानेच्या उजेडातल्या भागाचे लॅब रंगपद्धतीतले आकडे घ्यायचे, नव्या कपाळाचे घ्यायचे आणि कर्व्ह्जनं चेहऱ्याचे `a` आणि `b` मानेजवळ आणायचे. हनुवटीच्या खालच्या कडेला पायपिंगचा लालसर हात अगदी हलका, `Color` मोडमध्ये. मान चेहऱ्यापेक्षा किंचित गडद राहू द्या, खऱ्या माणसाची तशीच असते. बायरला मी तसं लिहिलं: केस आणि नाकडोळे बदलतील, त्वचेचा रंग दोन छटांच्या पलीकडे जाणार नाही, कारण जाळी खोटी दिसेल. त्यानं मान्य केलं. "अजून थोडं उजळ करा" असं सांगणारे बायर भेटतात, आणि त्यांच्याशी हा वाद मला कपड्याच्या बाजूनं घालायला बरं पडतं.

केसांखालचं कापड

मॉडेलचे लांब केस उजव्या खांद्यावरून योकवर आले होते. नवा चेहरा आखूड केसांचा आला, आणि केस निघाले तसा खाली बोटभर रुंदीचा पट्टा रिकामा पडला. त्या पट्ट्याखालचं भरतकाम कॅमेऱ्यानं कधी पाहिलंच नव्हतं. जनरेटिव्ह फिलनं ते सुंदर भरून दिलं, फक्त तो आमचा कुर्ता नव्हता. ग्राहकाला न मिळणारं भरतकाम कॅटलॉगमध्ये दाखवणं म्हणजे तक्रारीला आमंत्रण. पर्याय दोनच : जुने केस तिथेच ठेवून नुसता त्यांचा रंग बदलायचा, किंवा तोच नग पुतळ्यावर त्याच प्रकाशात काढून घ्यायचा आणि तो पट्टा त्यातून आणायचा. आम्ही केस ठेवले. तपकिरी केले, इतकंच.

चेहरा कुणाचा आणि परवानगी कुणाची

घाईत लोक `inswapper_128` हे चेहरा बदलणारं तयार एआय मॉडेल वापरतात. ते चेहरा १२८ बाय १२८ पिक्सेलमध्ये काढतं, म्हणून कॅटलॉगच्या आकाराला तो धूसरच पडतो. त्यात ते कपाळ-जबड्याची ठेवण जुनीच ठेवतं, म्हणजे मूळ मॉडेल ओळखीच्यांना कळते. आणि त्या एआय मॉडेलचा परवाना व्यावसायिक कामाला चालत नाही, ही गोष्ट दहातल्या नऊ जणांनी वाचलेली नसते.

मूळ मॉडेलच्या रिलीज फॉर्ममध्ये "रिटचिंग" लिहिलं म्हणजे डोकं बदलायची मुभा मिळाली असं मी धरत नाही. तिचं शरीर दुसऱ्या चेहऱ्यासह परदेशात वापरलं जाणार, हे वेगळ्या ओळीत लिहून सही घ्यायची. नवा चेहरा खऱ्या माणसाचा असेल तर त्याचीही. युरोपात असं चित्र कृत्रिम असल्याचं कुणी आणि कुठे सांगायचं, हे बायरकडून मेलवर घेऊन ठेवा.

आमच्या सेटमध्ये सहा फोटो होते. एकच सीड, म्हणजे चित्र ज्या आकड्यापासून सुरू होतं तो, दिला की सगळीकडे एकच चेहरा येईल या भ्रमात मी नव्हतो. कोन बदलला की माणूस बदलतो. त्यामुळे मान्य झालेला एक चेहरा संदर्भ म्हणून देऊन बाकीचे काढले. चार जमले, पाठमोऱ्याला गरजच नव्हती. सहावा योकचा क्लोजअप होता, हनुवटी खाली झुकलेली, केस जाळीवर. त्यावर दोन तास घालवले आणि मग मर्चंडायझरला विचारलं, हा हनुवटीखालून कापला तर? तिनं बायरला विचारलं आणि दहा मिनिटांत होकार आला. पाचही लूप त्यात दिसतात.