खिशातून आलेला ‘vvbbhhgg’: दुर्लक्ष कधी करायचं, हळूच विचारायचं कधी, आणि कोणत्या चुका टाळायच्या

संध्याकाळी सहा-साडेसहाला व्हॉट्सअ‍ॅपवर काकांचा मेसेज येतो: ‘vvbbhhgg’. मागोमाग ‘nnn’, मग एक स्टिकर, मग ‘bhhj’. काका सत्तरीचे आहेत आणि एकटे राहतात. आपण घाबरून ‘काय झालं?’ असं तीनदा लिहितो. तिकडे निळ्या खुणा दिसतात, उत्तर मात्र येत नाही. आता धास्ती दुप्पट होते.

अशा वेळी बहुतेकदा काका मजेत चालत असतात. पण प्रत्येक वेळी तसंच असेल असंही नाही, म्हणून फरक ओळखता यायला हवा. तो ओळखता येतो, कारण मांडीने टाइप केलेला मजकूर आणि गोंधळलेल्या माणसाने टाइप केलेला मजकूर दिसायला वेगळा असतो.

पहिली चूक: अक्षरं न बघताच घाबरणं

फोनचा पडदा दाबाने चालत नाही, विद्युतभाराने चालतो. अंगाच्या स्पर्शाने पडद्यावरचा भार किंचित बदलतो आणि फोनला ते बोट वाटतं. पातळ सुती खिसा, त्यात घाम किंवा पावसाची ओल, आणि पडदा मांडीकडे केलेला असला की कापडातूनही हा स्पर्श पोचतो. मात्र मांडी एखादी कळ नेमकी निवडत नाही. ती एका भागावर टेकते, सरकते, पुन्हा टेकते. म्हणून खिशातल्या मजकुरात शेजारशेजारच्या कळा येतात आणि त्याच त्याच येत राहतात. इंग्रजी कळफलकावर v, b, g, h, n ही अक्षरं एकमेकांना चिकटून आहेत. ‘vvbbhhgg’ मध्ये त्यांच्याबाहेरचं एकही अक्षर नाही, हे बघा.

आता हे बघा: ‘ghsru aalp’. हेही विचित्रच दिसतं. पण a च्या जागी शेजारचा s पडलाय, i च्या जागी u, o च्या जागी p. वाचायचं ‘ghari aalo’. इथे माणूस स्वतः लिहितोय, चष्मा तेवढा जवळ नाही किंवा रिक्षा हलतेय. यात काळजीचं काही नाही, उलट घरी पोचल्याची खबर मिळाली.

तिसरा प्रकार फसवा असतो. कळफलकाच्या वर सुचवलेल्या शब्दांची पट्टी असते. मांडी तिथे टेकली की खरे, शुद्ध शब्द एकापुढे एक लागत जातात: ‘आहे का मी आहे का उद्या आहे का मी’. हे वाचून पोटात गोळा येतो, कारण माणूस भ्रमिष्टासारखा बोलतोय असं वाटतं. इथेही खूण पुनरावृत्तीचीच. चारपाच शब्द गोल गोल फिरत असतील तर ती पट्टीची करामत.

तुकडे किती आणि कसे येतात यावरूनही थोडं कळतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या Settings मध्ये Chats खाली Enter is send हा पर्याय चालू असेल तर कळफलकाच्या कोपऱ्यातली एंटर दाबली गेली की मेसेज जातो. म्हणून दोनचार अक्षरांचे लहान लहान तुकडे पडत राहतात. तो बंद असेल तर बऱ्याच वेळाने एकच लांबलचक ओळ येते.

दुसरी चूक: निळ्या खुणांवर विसंबणं

यावरून घराघरांत गैरसमज होतात. खिशात तुमचंच चॅट उघडं असेल, तर तुम्ही पाठवलेला प्रत्येक मेसेज पोचल्या पोचल्या ‘वाचला’ म्हणून निळा होतो. वर online दिसतं, मधूनमधून typing… ही दिसतं. वाचलेलं कोणीच नसतं. ‘वाचून उत्तर देत नाही, म्हणजे देता येत नसेल’ हा निष्कर्ष इथे टिकत नाही. उलट क्षणात निळी झालेली खूण आणि पुन्हा ‘hhhb’ असं काहीतरी आलं, तर फोन खिशातच आहे याची खात्री वाढते.

म्हणून आधी वर सरकवून तुमच्यातला शेवटचा खरा मेसेज बघा. काकांनी दहा मिनिटांपूर्वी ‘निघालो’ लिहिलं होतं का? मग गोष्ट जवळपास उलगडली: लिहिलं, पडदा बंद करायचं बटण न दाबताच फोन खिशात टाकला, पडदा जागा राहिला. खिशातला मेसेज शेवटी उघड्या राहिलेल्या चॅटमध्येच जातो. गेल्या आठवडाभर तुमचं बोलणंच नसेल आणि अचानक तुमच्याकडे अक्षरं आली, तर एकदा विचारायला हरकत नाही. तशी ती शक्यताही साधीच असू शकते: यादीत वरचं नाव चुकून दाबलं गेलं असेल.

तिसरी चूक: उत्तरावर उत्तर पाठवत राहणं

फोन लॉक झाला असला, तरी नवा मेसेज आला की बऱ्याच फोनचा पडदा उजळतो, आणि काही फोनवर लॉक न उघडता तिथूनच उत्तर देता येतं. म्हणजे तुमचा ‘काय झालं???’ हाच पुढच्या ‘jjhhn’ ला वाट करून देऊ शकतो. थांबलं असतं ते तुम्हीच चालू ठेवता. त्यापेक्षा पंधरावीस मिनिटं काहीच लिहू नका. चालून झालं, बसमधून उतरणं झालं, फोन बाहेर निघाला की बहुतेक वेळा समोरूनच ‘अरे, खिशातून गेलं’ असं येतं.

घरच्या ग्रुपवर ‘काकांचा कुणाला फोन लागतोय का?’ असं तर मुळीच टाकू नका. आठ जण एकदम फोन लावतात. काका गाडी चालवत असतील तर खिशात सतत वाजणारा फोन हाच खरा धोका ठरतो.

विचारायचं ठरवलं तर कसं?

एकच फोन करा, मेसेज नको. मांडीने तोही उचलला जाऊ शकतो. मग कापडाची घसघस, पावलांचा ठेका, भाजीवाल्याचा आवाज ऐकू येतो. एवढं पुरे, माणूस चालतोय. लगेच ठेवून द्या, दुसऱ्याचं बोलणं ऐकत बसायचं नाही. फोन उचललाच नाही तर एक ओळ लिहून सोडून द्या: ‘काका, खिशातून अक्षरं आलीयत. घाई नाही, मोकळे झालात की फोन करा.’ या ओळीत आरोप नाही आणि घाबरवणंही नाही. वयस्कर माणसाला ‘तुम्हाला फोन नीट वापरता येत नाही’ असा सूर फार लागतो. मग पुढच्या वेळी खरंच काही झालं तरी ते कळवायला कचरतात.

माणूस घरात भांडणाच्या, मारहाणीच्या वातावरणात असल्याचं तुम्हाला ठाऊक असेल, तर ‘संकटात आहेस का?’ असं लिहू नका. तो फोन दुसऱ्याच्या हातात असू शकतो. फोन करून साधंच काहीतरी विचारा, ‘उद्या दळण टाकायला जातेयस का?’ असं. आवाजावरून पुष्कळ कळतं. खरोखर धोका वाटला तर 112.

चौथी चूक: सगळंच ‘खिशातलं असेल’ म्हणून सोडून देणं

इथे मात्र थांबून वाचा. बोस्टनमधल्या डॉक्टरांनी 2012 च्या अखेरीस एका तरुण गरोदर स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. नवऱ्याने बाळंतपणाच्या तारखेविषयी मेसेज करून विचारलं आणि तिची उत्तरं शब्दांची होती, पण अर्थहीन. तिला पक्षाघाताचा झटका आला होता. सर्दीने आवाज बसलेला असल्यामुळे बोलण्यातला बिघाड लगेच ध्यानात आला नव्हता. तो आधी लक्षात आला तो या मेसेजमुळे.

या मजकुरात आणि ‘vvbbhhgg’ मध्ये जो फरक आहे तोच लक्षात ठेवायचा. मांडी तुमच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. तुम्ही ‘औषध घेतलं का?’ विचारलं आणि त्यावर, उत्तर देण्याच्या बेताने, ‘पाणी ते काल खिडकी औषध वरचं’ असं आलं. पुन्हा विचारल्यावर दुसरंच विस्कटलेलं आलं. कळांची शेजारशेजारची साखळीही नाही आणि तेच तेच शब्दही नाहीत. म्हणजे मागे हात आहे, लिहायची इच्छा आहे, पण शब्द जुळत नाहीत. इथे पंधरा मिनिटं थांबायचं नाही. लगेच फोन लावा आणि एक पूर्ण वाक्य म्हणायला सांगा. जीभ जड येतेय का, शब्द चुकतायत का ते ऐका. घरात दुसरं कोणी असेल तर हसायला आणि दोन्ही हात वर करायला सांगू द्या. बोलणं बिघडलेलं वाटलं, तोंड एका बाजूला ओढलं किंवा एक हात खाली आला, यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास लक्षणं सुरू झाल्यापासून मोजतात. म्हणून शेवटचा नीट मेसेज किती वाजता आला होता ते बघून डॉक्टरांना सांगा. ती वेळ तुमच्याच फोनवर नोंदलेली असते.

इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर उतरली तरी असंच विस्कटलेलं लिहिलं जातं. शेजाऱ्याला वर पाठवा. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साखरेचं पाणी द्यायला सांगा. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, 108 लावायचा.

मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनचं काय?

काकांच्या घरी गेलात की पाच मिनिटं त्यांचा फोन मागून घ्या. पडदा विझण्याची वेळ बघा. ‘सारखा बंद होतो’ म्हणून कोणीतरी ती दहा मिनिटं करून ठेवलेली असते, ती तीस सेकंदांवर आणा. सॅमसंगच्या फोनवर Settings, Display मध्ये Accidental touch protection असतं, ते चालू करा. इतर कंपन्यांच्या फोनवर सेटिंगच्या शोधपट्टीत pocket लिहून बघा, असला तर तिथे सापडतो. दोन टकटकींनी पडदा जागा होणारा पर्याय बंद करा. आयफोनवर पासकोडच्या पानावर, लॉक असताना काय चालावं त्या यादीत Reply with Message दिसेल, तेही बंद करा. आणि पडदा बाहेरच्या बाजूला ठेवून फोन खिशात घालायची सवय लावा.

अक्षरं गेली आहेत हे लक्षात आलं तर पुसण्याआधी एक ओळ लिहावी. व्हॉट्सअ‍ॅपवर Delete for everyone साठी दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, घाई नसते. नुसतंच पुसलं तर समोर मेसेज पुसल्याची नोंद तेवढी उरते आणि तिथे काय होतं या विचाराने काळजी वाढते.

फोन टेबलावर ठेवलेला असतानाही आपोआप अक्षरं उमटत असतील तर खिशाला दोष देऊ नका. चार्जर काढून बघा. थांबलं तर चार्जर बदला. नाही थांबलं तर चिकटवलेली काच काढून, पडदा कोरड्या कापडाने पुसून पुन्हा बघा. तरीही चालू राहिलं, किंवा काचेला कोपऱ्यात तडा दिसला, तर पडदाच बदलावा लागेल. तो बदलेपर्यंत बँकेची आणि पैसे पाठवायची अ‍ॅप त्या फोनवर उघडू नका.