व्हिडिओचे दुखणे नेमके कुठे? क्लिक दर आणि प्रेक्षक टिकाव एकत्र कसे वाचावेत

यूट्यूबवर लघुचित्र, म्हणजे थंबनेल, किमान अर्धे आणि एक सेकंदाहून अधिक काळ पडद्यावर दिसले, की एक इम्प्रेशन धरले जाते. त्यांपैकी किती इम्प्रेशन्सवरून व्हिडिओ उघडला गेला, हे क्लिक दर सांगतो, तर आत आलेला प्रेक्षक किती वेळ थांबला, हे टिकावाचा आलेख दाखवतो. म्हणून पहिला आकडा शीर्षक आणि लघुचित्राचा, तर दुसरा मुख्यतः आशयाचा.

समजा, ‘पुरणपोळी फाटू नये म्हणून कणीक अशी मळा’ या नऊ मिनिटांच्या व्हिडिओचा क्लिक दर ७.८ टक्के आहे. यूट्यूबच्याच माहितीनुसार निम्म्या चॅनेल्स आणि व्हिडिओंचा हा दर २ ते १० टक्क्यांदरम्यान असतो. मात्र खरी तुलना आपल्याच जुन्या व्हिडिओंशी करावी. इम्प्रेशन्स अवघी ८० असतील तर हा आकडा वाचूच नये, कारण दोन क्लिक वाढले तरी तो अडीच टक्क्यांनी उडी घेतो.

आता यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओच्या Analytics मध्ये टिकावाचा आलेख उघडावा आणि तिसाव्या सेकंदाला किती प्रेक्षक उरले, ते पाहावे. येथे समजा ३८ टक्केच उरले, पण ४:२० ला, कणीक तेल लावून ताणून दाखवली आहे तिथे, रेषा वर चढते. आरंभीचा सव्वा मिनिट नमस्कार आणि सणाच्या आठवणींत गेला आहे. म्हणजे शीर्षकाने बोलावलेला माणूस कणकेसाठीच आला होता. मधला आशय उत्तम आहे, दार उघडायला उशीर झाला. अशा वेळी लघुचित्र बदलणे हा निव्वळ उपद्व्याप ठरतो. स्टुडिओतील Editor मधून सुरुवात छाटता येते आणि दुवा व व्ह्यूज तसेच राहतात.

चित्र उलटे असेल, म्हणजे टिकाव चांगला पण क्लिक दर २ टक्के, तर दोष बाहेरचा. तो शीर्षकाचा की लघुचित्राचा, हे ठरवताना प्रेक्षक आले त्या स्रोतांनुसार क्लिक दर वेगवेगळा पाहावा. YouTube search मध्ये माणूस शब्द वाचत असतो, Browse features मध्ये, म्हणजे मुख्यपृष्ठासारख्या ठिकाणी, आधी चित्र डोळ्यांत भरते. त्यामुळे शोधात आपल्या नेहमीच्या पातळीवर असलेला दर मुख्यपृष्ठावर घसरला असेल, तर संशय लघुचित्रावर घ्यावा. याउलट असेल तर शीर्षकावर. हा पुरावा नव्हे, संकेत आहे. व्हिडिओ नेहमीच्या वर्गणीदारांपलीकडे अनोळखी प्रेक्षकांपुढे जाऊ लागला, की क्लिक दर आपोआप उतरतो. इम्प्रेशन्स वाढत असताना झालेली ती घट दोष मानू नये.

दोन्ही आकडे पडलेले असतील, तर विषयच चुकीच्या प्रेक्षकांपुढे गेला असण्याची शक्यता आधी तपासावी. बदल एका वेळी एकच करावा आणि तुलना करताना बदलाच्या तारखेनंतरचाच कालावधी निवडावा; अन्यथा जुने प्रेक्षक नव्या आलेखात मिसळतात आणि छाटलेल्या सुरुवातीचा परिणाम दिसत नाही.